व्हॅल्यूअर येण्याआधी

व्हॅल्यूअर घर बघायला येणार असे बँकेकडून कळले की विकणारे कुटुंब साफसफाईला लागते. पडदे धुतले जातात, माळ्यावरचे सामान हलते, कुठे पोपडा आला असेल तर रंगाऱ्याला बोलावले जाते. घर नीट दिसावे ही इच्छा साहजिकच आहे. पण बँकेने पाठवलेला माणूस पडद्यांसाठी येत नाही. आपण ज्या फ्लॅटवर पैसे देणार आहोत तो कागदावर लिहिला आहे तसाच, तेवढाच आणि त्याच जागी आहे का, आणि उद्या हप्ते थकले तर तो विकून किती पैसे हाती येतील, एवढे बँकेला जाणून घ्यायचे असते. या दोन प्रश्नांची उत्तरे भिंतीच्या रंगाने फारशी बदलत नाहीत. ती घरातल्या कागदांच्या फाइलने बदलतात, आणि गेल्या वीस-तीस वर्षांत घरात केलेल्या तोडफोडीने बदलतात.

पुनर्विक्रीच्या फ्लॅटसाठी गृहकर्जाचा अर्ज आला की बँक दोन तपासण्या करून घेते. वकील जुने करार आणि नोंदणी कार्यालयातल्या नोंदी पाहून मालकीची साखळी तपासतो; बँकेच्या बोलीत ती 'लीगल'. दुसरी 'टेक्निकल', म्हणजे व्हॅल्यूअरची. व्हॅल्यूअर बँकेच्या पॅनेलवरचा असतो, त्याला काम बँक देते आणि अहवालही तो बँकेलाच देतो. त्याची फी मात्र बहुतेक वेळा कर्जदाराच्या खिशातून जाते. मोठ्या रकमेच्या कर्जाला काही बँका दोन वेगवेगळे व्हॅल्युएशन करून घेतात. त्यामुळे एक माणूस येऊन गेला आणि आठवड्याने दुसऱ्याचा फोन आला, तर त्यात घाबरण्यासारखे काही नसते.

घर बघायला स्वतः व्हॅल्यूअरच येईल असे नाही. अनेकदा त्याच्या कार्यालयातला तरुण साइट इंजिनिअर येतो. त्याच्या हातात लेझरचे मोजमाप यंत्र असते आणि मोबाइलवर भरायचा एक तक्ता. इमारतीचा दर्शनी भाग, सोसायटीच्या नावाची पाटी, दारावरचा फ्लॅट क्रमांक, प्रत्येक खोली, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम, बाल्कनीतून दिसणारा परिसर या सगळ्यांचे तो फोटो घेतो. वीजमीटरचाही फोटो घेतो. चारी बाजूंना काय आहे ते लिहितो, रस्ता किती रुंद आहे ते पाहतो, लिफ्ट आणि जिने पाहतो, घरात कोण राहते ते विचारतो. अर्ध्या तासात तो निघून जातो. त्या अर्ध्या तासात जे जुळले नाही त्याचा खुलासा नंतर दोन-तीन आठवडे फोनवर करत बसावे लागते. म्हणून तयारी करायची ती त्याच्या येण्याआधी.

आधी तपासायची ती फ्लॅटची ओळख. हा मुद्दा अनेकांना क्षुल्लक वाटतो, पण जुन्या सोसायट्यांमध्ये अहवाल अडकण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. बिल्डरने १९९०च्या दशकात करार केले तेव्हा फ्लॅटना एक, दोन, तीन असे ओळीने क्रमांक दिले. पुढे सोसायटी झाली आणि कमिटीने मजल्यानुसार १०१, १०२, २०१ असे नवे क्रमांक टाकले. करारात आणि इंडेक्स टूमध्ये 'फ्लॅट नं. ७', दारावर आणि वीजबिलावर '३०२', मिळकतकराच्या पावतीवर आणखी तिसरेच काहीतरी. घरच्यांना यात काहीच वावगे वाटत नाही. बँकेला मात्र प्रश्न पडतो की तारण म्हणून लिहून घेतलेला फ्लॅट नक्की कोणता. विंगच्या अक्षरांचेही असेच होते. नकाशातली 'बी' इमारत प्रत्यक्षात 'ए विंग' म्हणून ओळखली जाते.

यावरचा उपाय सोपा आहे, मात्र तो वेळेवर करावा लागतो. सोसायटीच्या लेटरहेडवर सचिव आणि अध्यक्षांच्या सहीचे पत्र घ्यायचे. करारातील फ्लॅट क्रमांक सात आणि सध्याचा ३०२ हे एकच आहेत, तो तिसऱ्या मजल्यावर आहे आणि सोसायटीच्या नोंदीत अमुक सभासदाच्या नावे आहे, असा मजकूर त्यात हवा. शेअर सर्टिफिकेटवर जुना क्रमांक असेल तर पत्रात त्या सर्टिफिकेटचाही उल्लेख हवा. कमिटीची बैठक महिन्यातून एकदाच होत असेल तर या एका पत्रासाठी महिना जातो. विक्री ठरवतानाच ते मागून ठेवणे शहाणपणाचे.

आता क्षेत्रफळ. सर्वांत जास्त पैसे इथेच अडकतात, म्हणून इथे सावकाश जायला हवे.

महाराष्ट्रात २०१७ पूर्वीच्या करारांमध्ये क्षेत्रफळ अनेक तऱ्हांनी लिहिलेले आढळते. कुठे कार्पेट, कुठे बिल्टअप, कुठे जिना-लॉबीचा वाटा धरून सुपर बिल्टअप, तर कुठे कसलाच खुलासा नसलेले नुसते 'क्षेत्र'. रेरा कायद्याने कार्पेटची व्याख्या पक्की केली: बाहेरच्या भिंती, डक्ट, फ्लॅटच्या मालकीची बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळून उरलेली वापरायची जागा. आतल्या खोल्यांमधल्या भिंतींची जाडी मात्र त्यात धरली जाते. जाहिरातीत दलाल जो 'कार्पेट' सांगतो त्यात बहुतेक वेळा बाल्कनी आणि टेरेस बेमालूम मिसळलेले असतात. व्हॅल्यूअर ते वेगळे काढतो.

हिशेब कसा फिरतो हे एका नमुन्याच्या उदाहरणातून पाहू. समजा, पुण्यात कोथरूडला १९९५ साली बांधलेल्या चार मजली इमारतीत दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. करारात लिहिले आहे: बिल्टअप ७४० चौरस फूट आणि शिवाय ८० चौरस फूट टेरेस. खोल्या, स्वयंपाकघर, बाथरूम आणि मधला पॅसेज मोजला तर ५७० चौरस फूट भरतो. स्वयंपाकघराला लागून ४५ फुटांची बाल्कनी आहे. हॉलला लागून असलेल्या टेरेसवर मालकांनी दहा वर्षांपूर्वी पत्रे टाकले, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या लावल्या आणि मुलांची अभ्यासाची खोली केली. कुटुंबाच्या लेखी ती खोलीच आहे. त्यामुळे विकताना ते सरळ बेरीज करतात: ५७० अधिक ४५ अधिक ८०, म्हणजे ६९५ फूट कार्पेट. घेणाऱ्यालाही जागा आवडते आणि सौदा ९० लाखांना ठरतो.

घेणारा ८० टक्के, म्हणजे ७२ लाख कर्ज धरून चालतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात मालमत्तेच्या मूल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज देता येते. ही कमाल मर्यादा आहे. बँक त्याहून कमीही देऊ शकते. आणि टक्के लावताना बँका साधारणपणे करारातली किंमत आणि व्हॅल्युएशन यांतली जी कमी असेल ती रक्कम धरतात.

आता व्हॅल्यूअरचा हिशेब. त्याने त्याच भागातल्या, त्याच वयाच्या इमारतींमधले अलीकडचे व्यवहार पाहून चौरस फुटाला १३,५०० रुपये दर काढला असे धरू. खोल्यांचे ५७० फूट या दराने ७६,९५,००० रुपये होतात. बाल्कनी मंजूर नकाशात आहे आणि करारातल्या बिल्टअपमध्ये धरलेली आहे, म्हणून तीही पूर्ण दराने धरली: ६,०७,५०० रुपये. टेरेस मात्र मंजूर नकाशात उघडे आहे. वर पत्रा आणि बाजूला काचा असल्या तरी नकाशाच्या दृष्टीने ते टेरेसच. उघड्या टेरेसला फ्लॅटच्या दराचा काही भागच मिळतो. ४० टक्के धरले तर ८० फुटांचे ४,३२,००० रुपये होतात. एकूण ८७,३४,५०० रुपये.

सौदा ९० लाखांचा असला तरी बँकेच्या हिशेबात कमी रक्कम आहे ८७,३४,५००. तिचे ८० टक्के ६९,८७,६०० रुपये होतात. घेणाऱ्याने धरलेल्या ७२ लाखांपेक्षा हे २,१२,४०० रुपयांनी कमी. आणि परवानगी नसलेले बांधकाम म्हणून त्या टेरेसची किंमत शून्य धरण्याचे एखाद्या बँकेचे धोरण असेल, तर मूल्य ८३,०२,५०० वर येते, कर्ज ६६,४२,००० वर येते आणि तूट ५,५८,००० रुपयांची होते. तीच टेरेस मंजूर खोली असती तर सगळे ६९५ फूट पूर्ण दराने ९३,८२,५०० रुपयांना गेले असते आणि कोणाला काही कळलेही नसते.

ही तूट कर्जातून निघत नाही, ती घेणाऱ्याला स्वतःच्या पैशांतून भरावी लागते. त्याच्यावर आधीच १८ लाखांचा स्वतःचा वाटा असतो. त्यावर पुण्यात सात टक्क्यांनी ६,३०,००० रुपये मुद्रांक शुल्क आणि ३० हजार रुपये नोंदणी फी. एवढ्या किमतीच्या घराला हा खर्च घराच्या मूल्यात धरून त्यावर कर्ज मिळत नाही. पै-पै जमवून उभे राहिलेल्या नोकरदार कुटुंबाला अशा वेळी अचानक साडेपाच लाख आणायचे म्हणजे दागिने गहाण टाकणे, पर्सनल लोन काढणे किंवा सौदा सोडून देणे एवढेच मार्ग उरतात. सौदा मोडला तर विकणाऱ्याचेही महिने जातात. त्याने पुढच्या घरासाठी इसार दिलेला असेल तर तोही अडकतो.

म्हणून विकणाऱ्याने व्हॅल्यूअरच्या आधी स्वतः टेप घेऊन घर मोजावे. अवघड काही नाही. प्रत्येक खोली जमिनीलगत, गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत, लांबी आणि रुंदीत मोजायची. हॉल १५ फूट बाय साडेदहा फूट असेल तर १५७.५ चौरस फूट. भिंतीतले कपाट किंवा खिडकीखालचा कट्टा मोजमापात येतो का, हे वेगळे लिहून ठेवायचे. बाल्कनी, सुकी बाल्कनी, टेरेस, फ्लॉवरबेड यांना प्रत्येकी वेगळी ओळ. करार चौरस मीटरमध्ये असेल तर आकड्याला १०.७६४ ने गुणले की चौरस फूट मिळतात. मग हा साधा कच्चा नकाशा मंजूर नकाशाशेजारी ठेवून बघायचा. भिंत कुठे सरकली, दार कुठे बंद झाले, कोणती उघडी जागा खोली झाली हे दहा मिनिटांत ध्यानात येते.

मंजूर नकाशा अनेकांच्या घरात नसतो. सोसायटीच्या दप्तरात, मूळ बिल्डरकडे किंवा त्या वेळच्या आर्किटेक्टकडे चौकशी करावी. तिथे मिळाला नाही तर महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागाकडे नकाशाच्या आणि भोगवटा पत्राच्या प्रतीसाठी अर्ज करता येतो, माहितीच्या अधिकारातही मागता येतो. याला आठवडे लागतात. नुसता नकाशा मिळून भागत नाही. इमारतीला भोगवटा पत्र मिळाले आहे का, तेही बघावे लागते. ते नसेल तर काही बँका कर्जच देत नाहीत, काही देतात पण अटी घालतात. घेणाऱ्याने बँक निवडतानाच हे विचारून घ्यावे. भोगवटा पत्र नाही ही गोष्ट व्हॅल्यूअरपासून लपत नाही. लपवून हाती एकच पडते: अर्ज फेटाळला जाण्याची वेळ महिनाभर पुढे जाते.

बंदिस्त बाल्कनीचा प्रश्न टेरेसपेक्षा गुंतागुंतीचा आहे. आपल्याकडे शहरोशहरी बाल्कन्या हॉलमध्ये घेतलेल्या दिसतात. त्या त्या काळच्या विकास नियंत्रण नियमांनुसार अनेक इमारतींत ठराविक प्रीमियम भरून बाल्कनी बंदिस्त करायला परवानगी मिळालेली असते आणि मंजूर नकाशात तसा उल्लेखही असतो. तसे असेल तर नकाशाच्या त्या भागाची प्रत हाताशी ठेवावी, पुढे वाद होत नाही. उल्लेख नसेल तर ते नकाशाबाहेरचे काम ठरते आणि व्हॅल्यूअर अहवालात तसे लिहितो. बँक अशी छोटी तफावत अनेकदा खपवून घेते, फक्त त्या जागेची किंमत वेगळी धरते. खरी पंचाईत होते ती हॉल आणि बाल्कनी यांमधली भिंत पाडताना कोणाचा हात बीमला किंवा कॉलमला लागला असेल तेव्हा. आरसीसी सांगाड्याच्या इमारतीत आतली विटांची भिंत वजन पेलत नाही, पण लोड बेअरिंग पद्धतीच्या जुन्या बैठ्या इमारतीत भिंतच छप्पर तोलून धरते. तिथे भिंत काढलेली दिसली की व्हॅल्यूअर स्ट्रक्चरल इंजिनिअरचे प्रमाणपत्र मागतो, आणि ते त्याने मागितलेच पाहिजे. वरच्या मजल्यावर माणसे राहत असतात.

मग कोथरूडच्या त्या उदाहरणातल्या मालकांनी टेरेसचे काय करावे? रास्त मार्ग दोन आहेत. पहिला, पत्रे आणि खिडक्या काढून टेरेस पूर्ववत उघडे करणे. तिथे पक्की भिंत नसेल तर हे दोन-तीन दिवसांचे काम आहे. मधला दरवाजा जुन्या जागी असेल तर आणखीच सोपे. टेरेसला मग टेरेसचा भाव मिळेल, पण अहवालात 'अनधिकृत बांधकाम' हा शेरा येणार नाही, आणि कर्ज अडकवतो तो बहुधा हा शेराच. दुसरा मार्ग म्हणजे आहे तसे ठेवून घेणाऱ्याला आधीच स्पष्ट सांगणे, की हे ८० फूट टेरेसचे आहेत, तुमची बँक ते खोली म्हणून धरणार नाही, त्या हिशेबाने किंमत ठरवू. महापालिकेकडून काम नियमित करून घेण्याचा तिसरा मार्ग कागदावर आहे, पण त्याला आर्किटेक्ट, अर्ज, शुल्क आणि महिने लागतात आणि मंजुरीची खात्री नसते. घेणाऱ्याचे कर्ज प्रलंबित असताना तो उपयोगी पडत नाही.

दलालाने 'त्या इंजिनिअरला सांभाळून घेऊ' असे सुचवले तर ऐकू नये. फुगवलेल्या व्हॅल्युएशनवर मिळालेले जास्तीचे कर्ज घेणाऱ्यालाच वीस वर्षे व्याजासकट फेडायचे असते. दुसऱ्या व्हॅल्यूअरच्या अहवालात तफावत उघडी पडली तर सगळा अर्जच संशयाखाली येतो.

ओल हा तयारीतला पुढचा विषय. इथेही रंगाऱ्याआधी प्लंबरला बोलवावे. व्हॅल्यूअर रोज दोन-चार घरे बघतो. एकाच कोपऱ्यात ताजा रंग, त्याखाली फुगलेला गिलावा आणि कडेला पांढरा लोणा दिसला की त्याला कळते की रंग नवा आहे आणि पाणी जुने. बाथरूमच्या मागच्या भिंतीवरची ओल नळजोडणीची असेल तर ती दुरुस्त करून, भिंत सुकू देऊन मगच रंगवावी. पावसाळ्यानंतर लगेच भेट असेल तर सुकायला काही आठवडे लागतात हे धरून चालावे. शेवटच्या मजल्यावर छतातून गळत असेल तर ते काम सोसायटीचे असते. अशा वेळी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा ठराव किंवा कंत्राटाची प्रत व्हॅल्यूअरला दाखवावी. दुरुस्ती ठरली आहे आणि तिचे पैसे सोसायटी देणार आहे हे कागदावर दिसले तर अहवालाची भाषा बदलते. स्लॅबमधून गंजलेली सळई दिसत असेल तर मात्र सिमेंट थापून झाकण्याचा प्रयत्न करू नये. तिथे स्ट्रक्चरल ऑडिट झाले आहे का, हाच प्रश्न येणार.

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांपुढच्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा व्हायला हवे. अनेक सोसायट्या हे टाळत राहतात, आणि तिथल्या सभासदाला फ्लॅट विकताना त्याची झळ लागते. व्हॅल्यूअर इमारतीचे उरलेले आयुष्य लिहितो. आरसीसी इमारतीचे एकूण आयुष्य साधारण ६० वर्षे धरण्याची पद्धत आहे. १९९५ची इमारत २०२५ मध्ये तीस वर्षांची झाली, म्हणजे तीस वर्षे उरली. वीस वर्षांच्या कर्जाला अडचण नाही. १९७८ची इमारत असेल तर उरतात तेराच. मग बँक वीस वर्षांऐवजी कमी मुदतीचे कर्ज देऊ करते, हप्ता वाढतो आणि घेणाऱ्याच्या पगारात तो बसेनासा होतो. अलीकडच्या ऑडिटचा चांगला अहवाल आणि त्यानुसार झालेल्या दुरुस्तीच्या पावत्या असतील तर व्हॅल्यूअरला आयुष्याबद्दल चांगला शेरा देण्यासाठी आधार मिळतो. सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी चालू असतील तर ती लपवू नयेत. विकासकाशी करार झालेला असेल तर बँकेचा सगळा हिशेबच वेगळा होतो, आणि ही गोष्ट कमिटीला फोन केला की बँकेला कळतेच.

पार्किंगबद्दल थोडे. करारात 'पार्किंगसह' लिहिलेले असते, पण प्रत्यक्षात जागा सोसायटीने वाटून दिलेली असते. स्टिल्टमधली पार्किंगची जागा बिल्डरला फ्लॅटसारखी स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१०च्या नहालचंद लालूचंद खटल्यात स्पष्ट केले. त्यामुळे 'आमची पार्किंग' असे तोंडी सांगून उपयोग नाही. सोसायटीचे वाटपपत्र दाखवावे, आणि ते नव्या सभासदाकडे जाईल का हेही विचारून ठेवावे.

घराच्या सजावटीचा प्रश्न मालक नेहमी जिव्हाळ्याने विचारतात. मॉड्युलर किचनवर चार लाख घातले, सगळीकडे फॉल्स सीलिंग केले, त्याचे काय? थोडे काहीतरी मिळते, कारण व्हॅल्यूअर घराची निगा कशी राखली आहे ते लिहितो आणि दर ठरवताना ते लक्षात घेतो. पण चार लाखांचे किचन म्हणून चार लाख मिळत नाहीत. सोफा, पंखे, एसी हे सामान तर बँकेच्या तारणात येतच नाही. ठरलेल्या किमतीत फर्निचरचे पैसे असतील तर घेणाऱ्याने ते आधीच वेगळे काढावेत. त्या भागावर गृहकर्ज मिळेल अशी अपेक्षा धरू नये. किमतीचा काही भाग रोखीत, कागदाबाहेर द्यायचा असा बेत असेल तर त्यावर कर्ज मिळतच नाही, शिवाय प्राप्तिकराचा धोका दोघांच्याही डोक्यावर राहतो.

भेटीच्या दिवशी घरात कोण हजर राहते यानेही फरक पडतो. शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवून भागत नाही. ज्याला कोणती भिंत कधी बदलली हे ठाऊक आहे असा घरचा माणूस असावा. सगळ्या खोल्या उघड्या असाव्यात. एक खोली सामान ठेवून कुलूपबंद असेल तर व्हॅल्यूअर 'आतून पाहता आली नाही' असे लिहितो, आणि बँक दुसरी भेट मागते. घरात भाडेकरू असेल तर त्याला दोन दिवस आधी सांगून वेळ ठरवावी आणि नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स करार हाताशी ठेवावा. मुदत संपलेला करार किंवा नोंदणी न केलेला तोंडी भाडेकरू दिसला तर घर रिकामे मिळण्याबद्दल शंका उभी राहते. वॉचमनला आणि सोसायटीच्या सचिवाला आधी सांगून ठेवावे, कारण फाटकावर अडवलेला इंजिनिअर परत जातो आणि पुढची तारीख आठवड्यानंतरची मिळते.

टेबलावर एक फाइल असावी. पहिल्या करारापासूनची साखळी आणि प्रत्येकाचा इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, मंजूर नकाशा, भोगवटा पत्र, मिळकतकराची चालू पावती, वीजबिल, मेंटेनन्सची शेवटची पावती, सोसायटीचे पत्र, आणि ऑडिट झाले असेल तर त्याचा अहवाल. सगळ्यांच्या झेरॉक्स. मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नयेत. फ्लॅट विकणाऱ्याच्या स्वतःच्या कर्जापोटी दुसऱ्या बँकेकडे तारण असेल तर मूळ कागद त्या बँकेकडे असतात. तिथून कागदपत्रांची यादी आणि बाकी रकमेचे पत्र आणून ठेवावे. सौद्याची किंमत विचारली तर खरी सांगावी, ती अर्जात लिहिलेलीच आहे.

तरीही मूल्य कमी आले तर? घेणाऱ्याने बँकेकडे अहवाल पाहायला मागावा. मूल्य कोणत्या कारणाने कमी झाले हे कळल्याशिवाय भांडण्यात अर्थ नसतो. क्षेत्रफळ चुकीचे मोजले असेल तर कच्चा नकाशा दाखवून फेरमोजणी मागता येते. दर कमी धरला असेल तर त्याच इमारतीतल्या किंवा शेजारच्या सोसायटीतल्या गेल्या काही महिन्यांतल्या विक्रीचे इंडेक्स टू शोधून द्यावेत. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ते पाहता येतात. 'शेजाऱ्यांनी एक कोटीला विकला' हे बोलणे टिकत नाही. नोंदलेला करार टिकतो. रेडी रेकनरचा दर पुढे करूनही फारसे साधत नाही. तो दर मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला असतो, आणि बाजारभाव त्याच्या वर किंवा खाली दोन्हीकडे असू शकतो. दुसऱ्या बँकेत अर्ज करता येतो, पण नकाशाबाहेरचे बांधकाम तिथेही तसेच दिसणार.

म्हणून टेक्निकलची वेळ कोणती, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. महाराष्ट्रात साठेखत नोंदवतानाच पूर्ण मुद्रांक शुल्क भरावे लागते, आणि सौदा फिसकटला तर ते परत मिळवण्याची प्रक्रिया लांबलचक आणि अटींची आहे. अनेक बँका कराराच्या मसुद्यावरही व्हॅल्यूअर पाठवतात. शक्य तिथे घेणाऱ्याने लीगल आणि टेक्निकल दोन्ही आधी करून घ्यावे आणि मग साठेखताला जावे. इसाराच्या पावतीतही एक वाक्य स्पष्ट लिहून घ्यावे: व्हॅल्युएशन कमी आल्यामुळे कर्ज ठरलेल्या रकमेपेक्षा अमुक इतके कमी मंजूर झाले, तर किंमत पुन्हा ठरेल किंवा इसार अमुक दिवसांत पूर्ण परत मिळेल. कोथरूडच्या उदाहरणातल्या दोन्ही कुटुंबांनी असे वाक्य लिहून घेतले असते, टेरेस आधी मोजले असते आणि ते उघडे करून सौदा ८७ लाखांवर आणला असता, तर कर्ज करारातल्या किमतीच्या ८० टक्के, म्हणजे ६९,६०,००० रुपये झाले असते. घेणाऱ्याला स्वतःचे १७,४०,००० आणि मुद्रांक शुल्काचे ६,०९,००० एवढी सोय करावी लागली असती, आणि दोन्ही आकडे त्याला इसार देण्याच्या दिवशीच माहीत असते.